विषय: दुसऱ्या मजल्यावरील प्रिंटरची दुरुस्ती

प्रति,
इमारत देखभाल विभाग

महोदय,

लेखा विभागाच्या दाराशेजारचा लेझर प्रिंटर सोमवार सकाळपासून बिघडला आहे. ग्रुपवरील तक्रारींपैकी स्वतः तपासलेल्याच बाबी येथे देत आहोत. ‘कुणीतरी मुद्दाम बिघडवला’ या चर्चेला आधार नसल्याने ती वगळली आहे.

ट्रे 2 मधून कागद ओढला जात नाही, किंवा दोन-तीन एकदम जाऊन अडकतात. पडद्यावर `Paper Jam in Tray 2` असा संदेश येतो. 20 पानांच्या चाचणीत 7 वेळा कागद अडकला. नवीन रीम घालून, गाइड नीट बसवूनही फरक पडला नाही. ट्रे 1 मधून तोच कागद सुरळीत जातो. म्हणून ट्रे 2 चा पिकअप रोलर व सेपरेशन पॅड झिजले असावेत. तंत्रज्ञाने दोन्ही सुटे भाग सोबत आणावेत.

शिवाय प्रत्येक पानावर उजवीकडे उभी काळी रेघ उमटते. टोनर बदलूनही ती कायम आहे. संगणकावरून छापतानाही येते, म्हणजे दोष स्कॅनरच्या काचेत नाही. ड्रम तपासावा.

शुक्रवारी महिनाअखेरची बिले छापायची आहेत, तेव्हा गुरुवारी दुपारपर्यंत दुरुस्ती व्हावी. अडकलेला कागद जोराने ओढू नये, अशी सूचना प्रिंटरवर लावली आहे.

आपले,
लेखा विभाग