केमिस्ट पदाच्या वेतन-प्रस्तावास उत्तर

दिनांक : ९ सप्टेंबर २०२५
स्थळ : छत्रपती संभाजीनगर

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
सोयाबीन प्रक्रिया प्रकल्प, एमआयडीसी, लातूर.

विषय : वार्षिक ४,४४,००० रुपयांच्या वेतन-प्रस्तावाबाबत.
संदर्भ : आपले ६ सप्टेंबर २०२५ चे प्रस्तावपत्र व ३० ऑगस्ट रोजीची प्रत्यक्ष मुलाखत.

महोदय,

आपले प्रस्तावपत्र मिळाले. मुलाखतीच्या दिवशी आपण व प्रकल्प व्यवस्थापकांनी वजनकाट्यापासून प्रयोगशाळेपर्यंत सर्व काम सवडीने दाखविले, त्याबद्दल मी आपली आभारी आहे.

पत्रातील वार्षिक ४,४४,००० रुपये एकूण वेतनाचा प्रस्ताव मला सध्याच्या स्वरूपात स्वीकारता येत नाही. मात्र नोकरीला माझा नकार नाही. वेतनाचा आकडा कामाच्या व्याप्तीशी जुळला, तर हे काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. माझे माहेर औशाचे असल्यामुळे लातूरला येण्याची ओढ मला आहेच. असे लिहिल्याने वाटाघाटीत माझी बाजू थोडी सैल पडते याची जाणीव असूनही ते लपवून ठेवणे मला प्रशस्त वाटले नाही.

माझी अडचण एकच आहे. प्रस्तावातील वेतन ‘केमिस्ट’ या पदनामाला धरून ठरविलेले दिसते, तर मुलाखतीत सांगितलेले काम प्रयोगशाळा प्रमुखाचे आहे. केमिस्टने नमुना तपासावा आणि नोंद करावी, एवढी अपेक्षा असती तर मी या आकड्याबद्दल फारसे बोलले नसते. परंतु दोन्ही पाळ्यांतील सहा जणांचे काम पाहणे, आवक होणाऱ्या मालाच्या ओलाव्याच्या व कचऱ्याच्या अहवालावर अंतिम सही करणे, पेंडीतील उरलेल्या तेलाचे प्रमाण रोज उत्पादन विभागाला कळविणे आणि गेटवर शेतकऱ्याने किंवा आडत्याने हरकत घेतल्यास फेरतपासणी करून निर्णय देणे, हे सर्व एकाच व्यक्तीकडे राहील असे आपण स्पष्टपणे सांगितले होते. आपल्या पत्रात मात्र यांपैकी फक्त नमुना तपासणीचा उल्लेख आहे.

या सहीचे मोल किती, हे आपल्याच आकड्यांवरून मांडण्याची परवानगी द्यावी. हंगामात दररोज सुमारे चाळीस गाड्या येतात असे मला सांगण्यात आले. दहा टनांच्या एका गाडीचा ओलावा एका टक्क्याने कमी नोंदला गेला, तर साधारण एक क्विंटल पाणी सोयाबीनच्या भावाने विकत घेतले जाते. यंदाच्या ५,३२८ रुपये हमीभावाने मोजले, तर एका गाडीमागे तेवढेच नुकसान होते. चूक उलट बाजूने झाली, तर हीच रक्कम शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाते, आणि पुढच्या खेपेला तो माल दुसऱ्याच्या गेटवर जातो. ऑगस्टमध्ये लातूर-नांदेड भागात झालेली अतिवृष्टी पाहता, यंदा मळणीनंतर लगेच येणारा माल ओला असण्याची आणि मॉइश्चर मीटरवरून वाद होण्याची शक्यता नेहमीपेक्षा अधिक आहे. पेंडीचेही तसेच आहे. दिवसाला ३०० टन सोयाबीन गाळले, तर सुमारे २४० टन पेंड निघते. तिच्यात तेलाचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढले, तरी रोज २४० किलो तेल पेंडीच्या भावाने बाहेर जाते. हे त्याच दिवशी लक्षात आणून देणे, हेच या पदाचे खरे काम आहे असे मी समजते.

म्हणूनच मी सध्याच्या पगाराचा, घरभाड्याचा किंवा बिऱ्हाड हलविण्याच्या खर्चाचा दाखला देत नाही. माझी वेतनपावती आपल्याकडे आहेच. पण मागील पगारावर काही टक्के वाढ, या हिशेबाने हे पद मोजले जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.

वार्षिक एकूण वेतन ५,४०,००० ते ६,००,००० रुपये या मर्यादेत ठरल्यास मी रुजू होऊ शकेन. आपला प्रस्ताव आणि माझी खालची मर्यादा यांत ९६,००० रुपयांचे अंतर आहे. वर्षभरात एका टक्क्याने चुकलेल्या अठरा गाड्यांत ते जवळजवळ भरून निघते, आणि अठरा गाड्या म्हणजे आपल्या हंगामातील अर्ध्या दिवसाचीही आवक नव्हे.

५,४०,००० रुपयांवर मी यायला तयार आहे, पण मार्चअखेर हंगाम संपल्यावर कामाचा आढावा घेऊन वेतनाचा फेरविचार होईल, असे नेमणूकपत्रात नमूद असावे. असा आढावा देणे शक्य नसेल आणि दोन्ही पाळ्यांची व सुट्टीच्या दिवशीच्या फेरतपासणीची जबाबदारी पहिल्या दिवसापासून पूर्णपणे माझ्याकडे राहणार असेल, तर ६,००,००० रुपये मला रास्त वाटतात. या दोहोंमधील आकड्यावरही बोलता येईल.

बारमाही वेतनाचा बोजा वाढू नये अशी व्यवस्थापनाची भूमिका असल्यास आणखी एक मार्ग सुचविते. दरमहा ४०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४,८०,००० रुपये, कायम ठेवावेत आणि ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत दरमहा १०,००० रुपये हंगामी भत्ता द्यावा. एकूण रक्कम ५,४०,००० रुपयेच होते, परंतु वाढीव भाग प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालू असतानाच द्यावा लागतो. मार्चअखेरच्या आढाव्याची अट याही मार्गाला राहील, आणि हा भत्ता नेमणूकपत्रात निश्चित रकमेने लिहिलेला असावा. ‘व्यवस्थापनाच्या इच्छेनुसार’ या शब्दांवर मला तो स्वीकारता येणार नाही. कोणताही मार्ग निवडला, तरी पदनाम ‘प्रयोगशाळा प्रमुख’ असावे. सही ज्याची, पद त्याचे, एवढाच त्यामागचा विचार आहे.

मंजूर खर्चाची मर्यादा खरोखरच ४,४४,००० रुपयांची असेल, तर तेही मोकळेपणाने कळवावे. तसे असल्यास एका पाळीपुरते, अंतिम सहीची जबाबदारी नसलेले केमिस्टचे काम, असा वेगळा प्रस्ताव आपण देऊ शकता. त्यावर मी अवश्य विचार करीन, पण आज होकार देत नाही.

आता वेळेविषयी. माझ्या सध्याच्या नोकरीत तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. शुक्रवार, १२ सप्टेंबर रोजी राजीनामा दिला, तर सोमवार, १३ ऑक्टोबर रोजी मी लातूरला हजर होऊ शकते. आवक जोर धरण्याच्या सुमारास मीटरची तपासणी आणि कर्मचाऱ्यांची पाळीवाटणी पूर्ण असावी, असे आपण म्हणाला होतात. त्या दृष्टीने आपले सुधारित पत्र शुक्रवारी दुपारपर्यंत मिळाल्यास बरे होईल. व्यवस्थापनाच्या मंजुरीला अधिक दिवस लागणार असतील, तर माझी हरकत नाही, फक्त रुजू होण्याची तारीख तितक्याच दिवसांनी पुढे जाईल, कारण लेखी प्रस्ताव हाती येण्यापूर्वी मी राजीनामा देणार नाही.

प्रत्यक्ष बोलणे सोयीचे वाटत असेल, तर बुधवारी किंवा गुरुवारी सायंकाळी सहानंतर मी फोनवर उपलब्ध आहे. प्रकल्प व्यवस्थापकही त्या बोलण्यात असतील तर उत्तम, कारण कामाची व्याप्ती त्यांनीच मला समजावून सांगितली होती.

कळावे,

आपली विश्वासू,
वैशाली जाधव