पती-पत्नी एकत्रीकरण व मुलाच्या आजारपणाच्या कारणास्तव स्वजिल्ह्यात बदलीसाठी विनंती अर्ज

दिनांक : 3 मार्च 2025

प्रति,
मा. उपसंचालक, आरोग्य सेवा,
नागपूर मंडळ, नागपूर.

मार्फत : 1) मा. वैद्यकीय अधीक्षक, ग्रामीण रुग्णालय, सिरोंचा
2) मा. जिल्हा शल्य चिकित्सक, गडचिरोली

अर्जदार : सुनील महादेव मेश्राम, औषध निर्माण अधिकारी (गट-क), ग्रामीण रुग्णालय, सिरोंचा.

विषय : भंडारा जिल्ह्यात विनंती बदली मिळणेबाबत.

महोदय,

मी 8 जुलै 2019 पासून सिरोंचा येथे कार्यरत आहे. माझे मूळ गाव लाखांदूर तालुक्यात असून सेवापुस्तकात स्वजिल्हा भंडारा नोंदलेला आहे. पत्नी सौ. वैशाली 2011 पासून भंडारा जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षिका असून सध्या लाखांदूर तालुक्यातच नोकरीस आहे. सिरोंचा आणि लाखांदूर एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत, पण मधे अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. सकाळी निघालो तरी घरी पोहोचायला दिवस मावळतो.

आमचा मुलगा सोहम 9 वर्षांचा आहे. त्याला सिकलसेल (एसएस) आहे. आम्ही दोघेही वाहक निघालो. लग्नाआधी तपासणी केली नाही, ही चूक आमचीच. त्याला रोज हायड्रॉक्सीयुरिया व फॉलिक ॲसिड सुरू असून दर महिन्याला रक्ततपासणी करावी लागते. 2024 मध्ये वेदनेच्या तीव्र झटक्यांमुळे त्याला तीनदा भरती करावे लागले. दोनदा रक्त चढवावे लागले.

डिसेंबरमधला प्रसंग सांगतो. थंडीत रात्री दोनच्या सुमारास त्याचे पाय दुखू लागले. घरात वैशाली आणि माझी 71 वर्षांची आई, दोघीच. शेजाऱ्याला उठवून त्याच्या गाडीने त्याला रुग्णालयात नेले. फोनवरून पाणी पाजा, पाय गरम कापडात गुंडाळा, अमुक गोळी द्या, एवढेच मी सांगू शकलो. सकाळी ड्यूटीवर औषध खिडकीत बसलो, तर पहिलीच चिठ्ठी सिकलसेलच्या मुलीची होती. तिच्या वडिलांना गोळ्या मोजून दिल्या, पाणी भरपूर पाजायला सांगितले.

पत्नीनेच गडचिरोली जिल्ह्यात यावे, असे सुचवले जाऊ शकते. तो विचार आम्ही करून पाहिला. आंतरजिल्हा बदलीत तिची सेवाज्येष्ठता जाते, आणि मुलाचे चालू उपचार तोडावे लागतात. माझे पद मात्र मंडळ स्तरावरचे असल्याने मी भंडाऱ्यात गेलो तरी ज्येष्ठतेचा प्रश्न येत नाही.

माझे तीन-तीन वर्षांचे दोन पदावधी 7 जुलै 2025 रोजी पूर्ण होतात, म्हणजे मे अखेरच्या सर्वसाधारण बदल्यांच्या वेळी सव्वा महिना कमी पडतो. तेवढ्यावरून वर्ष हुकू नये, म्हणून बदली अधिनियम, 2005 च्या कलम 4(5) नुसार विशेष बाब म्हणून विचार व्हावा, ही विनंती. आदिवासी व नक्षलग्रस्त भागात सेवा करणाऱ्यांसाठीचा दि. 6 ऑगस्ट 2002 चा शासन निर्णयही विचारात घ्यावा. या पाच वर्षे आठ महिन्यांत, कोविडच्या काळासह, मी कधी बदली मागितली नाही.

पसंतीची ठिकाणे क्रमाने लाखांदूर, पवनी, साकोली. यांपैकी कोठेही पद रिक्त नसल्यास भंडारा जिल्ह्यातील इतर कोणत्याही संस्थेत जाण्यास, किंवा आपसी बदलीस, मी तयार आहे. बदली विनंतीवरून असल्याने प्रवासभत्ता व पदग्रहण अवधी मागणार नाही. औषधसाठा, मुदतबाह्य औषधांची नोंदवही व ई-औषधी प्रणालीवरील शिल्लक यांचा मेळ घालून, बदली येणाऱ्यास रीतसर प्रभार दिल्याशिवाय मी सिरोंचा सोडणार नाही.

सोबत साक्षांकित प्रती : सेवापुस्तकाचे पहिले पान व रुजू अहवाल, पत्नीचा नियुक्ती आदेश व मुख्याध्यापकांचे कार्यरत असल्याचे प्रमाणपत्र (दि. 21 फेब्रुवारी 2025); विवाह नोंदणी प्रमाणपत्र; मुलाचा जन्मदाखला; सिकलसेल कार्ड व एचपीएलसी अहवाल; 2024 मधील तिन्ही भरतींची डिस्चार्ज कार्डे व रक्त दिल्याच्या नोंदी; विभागीय चौकशी सुरू नसल्याचे प्रमाणपत्र. मुलाच्या दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी अर्ज केला आहे. कार्ड अद्याप मिळालेले नसल्याने फक्त अर्जाची पोच जोडली आहे. कार्ड हाती येताच सादर करीन.

वरील माहिती खरी असून, खोटी आढळल्यास होणाऱ्या कारवाईस मी पात्र राहीन.

आपला विश्वासू,
(सही)
सुनील महादेव मेश्राम
औषध निर्माण अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, सिरोंचा, जि. गडचिरोली