सर्वांत कमी गुणांची चाचणी वगळून सरासरी काढणारे एक्सेल सूत्र

आपल्या विभागात सत्रभरात दहा-दहा गुणांच्या सहा चाचण्या होतात आणि त्यांतली सर्वांत कमी गुणांची एक वगळून उरलेल्या पाचांची सरासरी अंतर्गत गुणांसाठी धरली जाते. A रकान्यात हजेरी क्रमांक आणि B ते G या रकान्यांत सहा चाचण्यांचे गुण भरलेले असतील, तर H2 मध्ये पुढील सूत्र लिहावे.

```
=(SUM(B2:G2)-MIN(B2:G2))/(COUNT(B2:G2)-1)
```

बेरजेतून सर्वांत लहान आकडा वजा होतो, त्याचबरोबर भाजकही एकाने कमी होतो. घाईत ही दुसरी वजाबाकी राहून गेली, तर सगळ्या वर्गाची सरासरी विनाकारण घसरते. एखाद्याचे गुण 7, 9, 4, 8, 4, 10 असतील, तर बेरीज 42 येते, त्यातून 4 वजा जाऊन 38 उरतात आणि पाचांनी भागल्यावर 7.6 मिळतात.

याच विद्यार्थ्याला दोनदा 4 गुण आहेत, हे मुद्दाम पाहावे. काही जण दिसायला सुटसुटीत म्हणून पुढील सूत्र वापरतात.

```
=AVERAGEIF(B2:G2,">"&MIN(B2:G2))
```

हे सूत्र किमान गुणांपेक्षा मोठे आकडेच घेत असल्यामुळे दोन्ही 4 गळतात आणि सरासरी 8.5 येते. गुण वाढल्याची तक्रार कोणी करत नाही, म्हणून ही चूक सहसा उघडकीसही येत नाही. शिवाय सहाही चाचण्यांत सारखेच गुण असले, तर उत्तराऐवजी #DIV/0! दिसते.

खरी अडचण गैरहजेरीची आहे. रिकामा सेल किंवा त्यात लिहिलेले AB हे SUM, MIN आणि COUNT यांपैकी कोणीच मोजत नाही. त्यामुळे 8, 6, AB, 7, 9, 5 अशा ओळीत पहिले सूत्र 5 वगळून उरलेल्या चारांची सरासरी 7.5 दाखवते, म्हणजे गैरहजेरीही माफ आणि वाईट चाचणीही माफ. गैरहजेरी हीच वगळलेली चाचणी मानायची असेल, तर AB तसेच ठेवून सूत्र बदलावे.

```
=(SUM(B2:G2)-IF(COUNT(B2:G2)<6,0,MIN(B2:G2)))/5
```

आता त्याच ओळीचे उत्तर 7 येते. दोन चाचण्या बुडवणाऱ्याची एक गैरहजेरी वगळली जाते, दुसरी शून्य धरली जाते. मात्र सहाही चाचण्या होऊन गेल्यावरच हे सूत्र लावावे, कारण अजून न झालेल्या चाचणीचा रिकामा सेलही त्याला गैरहजेरीच वाटतो.

सूत्र H2 मध्ये बसले की सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावरचा चौकोन धरून ते शेवटच्या ओळीपर्यंत ओढावे. एखादी चाचणी वीस गुणांची घेतली असेल, तर तिचे गुण आधी निम्मे करून भरावेत. अन्यथा वीसपैकी 9 गुणांची चाचणी शिल्लक राहील आणि दहापैकी 8 गुणांची वगळली जाईल.