रविवारच्या मीटिंगच्या पानावरचे ठराव, सूचक आणि कोणाकडे काय काम

मंडळी, सेक्रेटरी काकांनी रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकलाय तो कोणालाच लागत नव्हता, म्हणून झूम करून टाईप केलंय. वर ट्यूबलाईटची चमक आहे आणि खालचा कोपरा दमटपणाने फुगून शाई पसरलीय, पावसात आपल्या रत्नागिरीत कागदाचं दुसरं काय होणार. पानावर नाही ते मी घातलेलं नाही.

*ठराव १ : टेरेसवर पत्र्याची शेड*
सूचक सावंत काका (बी ३०२), अनुमोदक मुल्ला भाभी. एकमताने मंजूर.
काम पाटणकरांकडे: तीन कोटेशन आणायची, १५ ऑक्टोबरपर्यंत. आधी तांबेंचं नाव लिहून खोडलंय आणि वर बारीक अक्षरात पाटणकर आहे, तर दोघांनी एकदा आपसात बोलून घ्या. खर्चाची मर्यादा १५ हजार वाटते पण काकांचा १ आणि ९ सारखाच दिसतो, खालच्या ओळीत अक्षरी "पंच्याण्णव हजार फक्त" आहे म्हणून ९५,००० धरलेत. खाऱ्या वाऱ्याने गंजणार नाही असा पत्रा घ्यायचा, हे समासात तिरकं लिहिलंय, म्हणजे ठरावात धरायचं की नाही ते काकांनीच सांगावं.

*ठराव २ : पार्किंगमधले माड*
सूचक पेडणेकर वहिनी, अनुमोदकाची जागा कोरी आहे. दर तीन महिन्यांनी पाडेली बोलवायचा, नारळ मेंबरांनाच विकायचे, पैसे सोसायटीच्या खात्यात. यावर अर्धं पान गेलंय, कोणाच्या गाडीच्या काचेवर नारळ पडला आणि भरपाई कोणी द्यायची वगैरे, पण ती नुसती चर्चा, ठराव नाही. काम: वहिनी पाडेलीला फोन करणार, हिशेब खजिनदार ठेवणार. सुचवलं म्हणून सगळं वहिनींच्या गळ्यात मारू नका, पानावर तसं नाहीये.

*ठराव ३ : थकबाकी*
सूचक खजिनदार, अनुमोदक सावंत काका. मेंटेनन्स थकवणाऱ्यांना सरळव्याज २१%, उपविधीतली कमाल मर्यादा तेवढीच आहे. चक्रवाढ कोणी लावू नये. मुंबईला राहणाऱ्या मालकांना पत्र पोस्टाने आणि व्हॉट्सॅपवर, दोन्हीकडून. काम खजिनदारांचं. मंजूर, विरोधात एक मत, नाव लिहिलेलं नाही.

*ठराव नाहीत ते*
स्ट्रक्चरल ऑडिट: नुसतं "बघू पुढच्या वेळी" एवढंच. सूचक नाही, मतदान नाही, म्हणून यादीत घेतलं नाही. पण बिल्डिंगला १५ वर्षं होऊन गेलीत, उपविधींप्रमाणे ५ वर्षांतून एकदा करावंच लागतं, तेव्हा पुढच्या अजेंड्यावर पहिलं घ्या राव. गेटच्या दिव्याचं कोणीतरी बोललं, उत्तर कोणी दिलेलं दिसत नाही.

शेवटच्या दोन ओळी शाईच्या डागाखाली गेल्यात, फक्त "…यांनी आभार" कळतंय.

काका, ठराव २ चा अनुमोदक कोण होता तेवढं आठवून सांगा. बाकी कोणाचं नाव चुकलं असेल तर गुरुवार रात्रीपर्यंत इथेच लिहा, शुक्रवारी प्रिंट काढून नोटीस बोर्डाला लावतोय. रजिस्टरमध्ये काकांच्याच अक्षरात राहील, त्यावर कोणी खाडाखोड करू नका.