मूळ पॉलिसी बाँड गहाळ झाल्याने मुदतपूर्तीच्या रकमेसाठी अर्ज

दि. 10 जून 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
दावा विभाग

विषय : पॉलिसी क्र. 904417263 – मूळ बाँडशिवाय मुदतपूर्तीची रक्कम मिळण्याबाबत

महोदय,

वरील एंडोमेंट पॉलिसी मी 15 जुलै 2000 रोजी घेतली. मुदत 25 वर्षे, विमा रक्कम 2,00,000 रुपये. येत्या 15 जुलैला ती पूर्ण होत आहे आणि सर्व हप्ते भरलेले आहेत. आपण पाठवलेला डिस्चार्ज फॉर्म मिळाला, परंतु त्यासोबत जोडायचा मूळ बाँड माझ्याकडे नाही.

मागच्या वर्षी घर बदलताना कागदपत्रांची एक फाइल गहाळ झाली. जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि गॅसचे पुस्तकही त्यातच होते. दोन्ही घरे आणि बँकेचा लॉकर शोधूनही बाँड सापडला नाही. त्याच्या पहिल्या पानाची झेरॉक्स मात्र वेगळी ठेवलेली होती, ती जोडली आहे.

हा बाँड मी कोणाकडेही तारण ठेवलेला नाही, पॉलिसीवर कर्ज काढलेले नाही आणि ती कोणाच्याही नावे असाइन केलेली नाही. आपल्या नोंदींवरून याची खात्री करून घ्यावी. पुढे बाँड सापडलाच, तर तो मी लगेच शाखेत जमा करीन.

पॉलिसी महिनाभरात संपणार असल्याने आधी डुप्लिकेट बाँड काढून तोच पुन्हा जमा करण्यात दोघांचाही वेळ जाईल. त्याऐवजी माझ्याकडून इंडेम्निटी बाँड घेऊन दावा निकाली काढावा, ही विनंती. त्याचा आपला ठरलेला मसुदा, लागणाऱ्या स्टॅम्प पेपरची रक्कम आणि जामीनदार हवा की नको, हे कृपया एकाच पत्रात कळवावे. नोटरी करून तो मी मुदतीपूर्वी आणून देतो.

सहीबद्दल आधीच सांगतो. प्रस्तावपत्रावर माझी सही मराठीत आहे, बँकेत इंग्रजीत. त्यामुळे दोन्ही सह्या करून बँक व्यवस्थापकांकडून साक्षांकित केलेला कागद जोडला आहे. एवढ्या कारणावरून दावा अडकू नये.

मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी या रकमेतून भरायची आहे, म्हणून विमा रक्कम व जमा बोनस देय तारखेलाच माझ्या बँक खात्यात जमा व्हावा. माझ्याकडून सर्व पूर्तता होऊनही उशीर झाल्यास भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या नियमांनुसार बँक दरापेक्षा 2 टक्के जास्त दराने व्याज द्यावे.

या अर्जाची पोच दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह द्यावी.

आपला विश्वासू,
(सही)
सुनील विठ्ठल शेलार

सोबत : भरलेला डिस्चार्ज फॉर्म, बाँडच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, शेवटच्या हप्त्याची पावती, पॅन व आधारच्या स्वाक्षांकित प्रती, नाव छापलेला रद्द केलेला चेक, सह्यांचा साक्षांकित कागद.