पनीर एक, रात्री सात

आमच्या घरी चार माणसे आहेत आणि गेले दोन महिने पनीर म्हणजे कांदा-टोमॅटोचा लाल रस्साच, असे ठरून गेले होते. कंटाळा पनीराचा नव्हता, रश्श्याचा होता. म्हणून या आठवड्यात मसाल्यापेक्षा पनीराचे रूप बदलायचे ठरवले आहे.

रविवारी दुपारी 3 लिटर म्हशीचे दूध लिंबाच्या रसाने फाडावे. साधारण 600 ग्रॅम पनीर मिळते. त्यातले 200 ग्रॅम दाबायचेच नाही. ते मोकळे, ओलसर असतानाच रात्री भुर्जी करावी, कारण अशी मऊ भुर्जी पुढे कोणत्याही दिवशी होत नाही. तेलात जिरे, हिरवी मिरची आणि कांदा परतून पनीर घालावे आणि दोन मिनिटांतच आच बंद करावी. जास्त वेळ तापवले की पाणी आटून त्याचे रबर होते. उरलेले पनीर वजनाखाली दाबून, वडी पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावी आणि ते पाणी रोज बदलावे. निवळी मात्र फेकू नये.

सोमवारी पालक पनीर करावे, पण तुकडे न तळता शेवटी सोडावेत. मंगळवारी जाड काप टांगलेले दही, भाजलेले बेसन, आले-लसूण आणि ओवा यांत तासभर मुरवून तापलेल्या लोखंडी तव्यावर ठेवावेत. येथे धीर हवा: काप तव्याला चिकटलेला वाटला तर ओढू नये, खालून खरपूस झाला की तो आपणच सुटतो. बुधवारी शिल्लक पनीर किसून, त्यात कोथिंबीर व आमचूर मिसळून पराठे करावेत आणि कणीक रविवारच्या निवळीत भिजवावी; पराठे दुसऱ्या दिवशीच्या डब्यातही मऊ राहतात.

गुरुवारी पुन्हा 2 लिटर दूध फाडावे. त्यातले 150 ग्रॅम पनीर तळहाताने घासून, एकही कण हाताला लागेनासा होईपर्यंत मळावे, उकडलेला बटाटा आणि थोडे कॉर्नफ्लोअर घालून कोफ्ते तळावेत. आधी एकच कोफ्ता तेलात सोडून पाहावा. तो फुटला तर आणखी चमचाभर कॉर्नफ्लोअर घालावे. ते काजूच्या पांढऱ्या रश्श्यात, वाढण्याच्या वेळीच घालावेत. शुक्रवारी मटार-पनीर पुलाव, त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. तुकडे भात शिजल्यावर मिसळावेत, एवढेच.

शनिवारची कढी मला सर्वांत प्रिय आहे. गुरुवारच्या आंबट निवळीत थोडे दही आणि बेसन घुसळून, हिंग, मेथीदाणे आणि कढीपत्त्याची फोडणी द्यावी, मंद आचेवर उकळी आणावी आणि गोळ्यांऐवजी पनीराचे चौकोनी तुकडे सोडावेत. सोबत गरम भात असावा.