आईचा आवाज

गेल्या मार्चमध्ये आईच्या श्रवणयंत्राची तपासणी करायला आम्ही धंतोलीला गेलो होतो. तेथील तरुण तंत्रज्ञ प्रत्येक प्रश्न मला विचारत होता आणि अधूनमधून आईकडे वळून मोठ्याने ओरडत होता. तिसऱ्या वेळी आईने हात किंचित वर केला आणि म्हणाली, "माझ्याशी बोला. ओरडू नका, शब्द सुटे करून बोला. ओरडलं की 'स'चा 'फ' होते अन् 'सात'चा 'आठ'." तो मुलगा थांबला, त्याने खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि उरलेली तपासणी त्या दोघांतच झाली. उतारवयात बारीक, उंच पट्टीचे ध्वनी आधी निसटतात, त्यामुळे आवाज पोहोचतो पण व्यंजने पोहोचत नाहीत, हे त्याने नंतर आलेखावर बोट ठेवून मला दाखवले. आईला ते आलेखाशिवाय ठाऊक होते, कारण अस्पष्ट आवाजातून शब्द वेचून काढणे हेच तिचे आयुष्यभराचे काम होते.

आई 1965 साली, एकविसाव्या वर्षी, डाक-तार खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. नागपूरच्या महाल भागातून गांधीसागर तलावाच्या काठाने सीताबर्डीकडे ती सायकलने जात असे. त्या काळी दुसऱ्या गावी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहावी लागे. साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग असा कॉलचा प्रकार, दोन्हीकडचे क्रमांक आणि वेळ ऑपरेटर तिकिटावर लिहून घेई. लाइन मोकळी झाली की दोन्ही टोकांना कॉर्ड लावून बोलणे जोडून देई आणि तीन मिनिटे झाली की तसे सांगे. पावसाळ्यात दूरच्या लाइनी इतक्या क्षीण होत की दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचे काही ऐकू येत नसे, पण मध्ये बसलेल्या ऑपरेटरला दोघांचेही थोडेथोडे कळत असे. अशा वेळी एकाचे वाक्य ऐकून ते दुसऱ्याला सांगायचे कामही तिच्याकडेच येई. कुणाच्या तरी घरची बातमी, भांडण, विनवणी तिने स्वतःच्या तोंडाने, पण स्वतःचा एक शब्दही न मिसळता, पलीकडे पोहोचवली आहे.

ती दोन मराठी बोलते. घरात तिचे बोलणे अस्सल नागपुरी आहे, त्यात "काहून" आहे, "पाहून ऱ्हायली" आहे आणि "काय बाप्पा" तर आहेच. फोन हातात आला की मात्र तिचा कणा ताठ होतो आणि आवाजातला प्रत्येक स्वर पूर्ण उमटतो. लहानपणी मला तो आवाज परक्या बाईचा वाटे आणि त्याची थोडी भीतीही वाटे. तो तिने ओळख नसलेल्या माणसांना आदर देण्यासाठी घडवला होता, हे मला फार उशिरा समजले.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी दहा वर्षांपूर्वी, आपल्या शेवटच्या आजारपणात, मला जवळ बसवून एक गोष्ट सांगितली. त्यांचा थोरला मुलगा वडिलांशी भांडून घर सोडून गेला होता आणि चार महिने त्याचा पत्ता नव्हता. एके दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात काकूंच्या नावाने त्याचा पी.पी. कॉल आला. पाऊस होता आणि लाइन जवळजवळ मेलेली होती. काकूंना मुलाचा आवाज ऐकूच येईना, तेव्हा मध्ये एका बाईचा शांत आवाज आला: "ते म्हणतात..." आणि मग एकेक वाक्य येत गेले. तो आवाज माझ्या आईचा होता. काकूंनी तो पहिल्याच वाक्याला ओळखला आणि आईनेही त्यांना ओळखले असणारच. पण आईने ओळख दिली नाही, धीराचा एक शब्दही आपल्या पदरचा घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर दोघींची गाठ पडली तेव्हा आईने फक्त विचारले, "पाणी आलं का हो?" त्यानंतरची तीसेक वर्षे दोघी एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या, मारबतीची मिरवणूक एकाच ओट्यावरून पाहिली, पण त्या संध्याकाळचा विषय आईने कधी काढला नाही. "तिनं मला माझ्याच गल्लीत मान वर करून चालू दिलं," असे काकू म्हणाल्या. त्या कॉलवर काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि आईला विचारण्यात काही अर्थ नव्हता. कोणत्या गावची लाइन खराब असे हे ती आजही नेमके सांगते. त्या लाइनीवर कोण काय बोलले, हे तिने माझ्या वडिलांनाही कधी सांगितले नाही.

पुढे एस.टी.डी. घरोघरी आले, ट्रंक बोर्ड ओस पडले आणि तिची बदली 197 वर, म्हणजे क्रमांक चौकशीवर झाली. 2004 मध्ये ती बी.एस.एन.एल.मधून निवृत्त झाली.

आज ती एक्याऐंशी वर्षांची आहे. उजवा हात थरथरतो, गुडघे जिना चढू देत नाहीत आणि नातवांच्या मित्रांची नावे ती विसरते. हे ती लपवत नाही, पण त्याचे कौतुकही करू देत नाही. मी त्रिमूर्तीनगरला राहते. ती महालातल्या जुन्या घरात, तळमजल्यावर एकटी राहते आणि हा निर्णय तिचा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा कूलरमध्ये पाणी ती स्वतः भरते, पूर्वी बादलीने भरायची, आता तांब्याने. त्याला वेळ लागतो. मी एकदा तांब्या हातातून घ्यायला गेले, तेव्हा म्हणाली, "तुले घाई असन तर तू जा." नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो, हे मी तिला समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे पातळ नेसून बँकेत गेली. "मी जिवंत आहे, हे मीच जाऊन सांगीन."

मागच्या जुलैत ती न्हाणीघरात पडली. मोबाइल ती गळ्यातल्या कापडी पिशवीत ठेवते, त्यामुळे पडल्यापडल्याच तिने मला फोन केला. "मी न्हाणीत पडले आहे. शुद्धीवर आहे. डाव्या कमरेला मार आहे, डोक्याला नाही. दाराला आतून कडी नाही. सावकाश ये." तो घरातला आवाज नव्हता, बोर्डावरचा होता. मी पोहोचेपर्यंतच्या वीस मिनिटांत ती एकदाही विव्हळली नाही, असे मी म्हणणार नाही. दारातून आत शिरताना मी ते ऐकले आहे. पण मला पाहताच तिने पदर सारखा केला आणि आधी विचारले, "गाडी नीट लावली ना?"

तिच्या सहस्रचंद्रदर्शनाला घरच्या माणसांत वाचायला म्हणून हे लिहिले आणि काल रात्री तिला वाचून दाखवले. तिने मध्ये कुठेही अडवले नाही. संपल्यावर काकूंच्या सुनेची परवानगी घेतली का, असे विचारले. मी घेतली होती, तरी तिने समोरच सुनेला फोन लावून खात्री करून घेतली. मग चष्मा लावून कागद जवळ घेतला. मुलाने जेथून फोन केला होता त्या गावाचे नाव काकूंनीच मला सांगितले होते आणि ते मी लिहिले होते. थरथरत्या हाताने, पण अगदी सरळ रेघ मारून, आईने ते खोडले.